सभासदांची यादी बाहेर गेल्यावर: ग्रुपवरील चर्चेतून निवेदन कसे लिहावे

प्रश्न: आमच्या पतसंस्थेची सभासदांची एक्सेल फाइल चुकून पिग्मी एजंटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली. ग्रुपवर सत्तर-ऐंशी मेसेज झाले आहेत आणि प्रत्येक जण वेगळे सांगतो. अध्यक्ष म्हणतात, यातूनच एक निवेदन तयार करा. काय लिहावे आणि लोकांना काय करायला सांगावे?

उत्तर:

निवेदन लिहायला बसण्याआधी ते सगळे मेसेज एका वहीत उतरवून घ्या आणि प्रत्येकासमोर एवढेच लिहा की हे सांगणाऱ्याने स्वतः पाहिले, दुसऱ्याकडून ऐकले, की हा त्याचा अंदाज आहे. निवेदनात फक्त स्वतः पाहिलेले जाते, तेही दुसऱ्या माणसाने पडताळल्यानंतर. हे काम साधारण अर्ध्या दिवसाचे आहे. तेवढा वेळ नाही असे संचालक मंडळ म्हणेल, पण चुकीचे निवेदन मागे घेऊन दुसरे काढायला त्याहून कितीतरी अधिक वेळ जातो आणि त्या दुसऱ्या निवेदनावर कोणी विश्वास ठेवत नाही.

आपल्यासारखाच एक प्रसंग मी चोपडा तालुक्यातील एका पतसंस्थेत हाताळला आहे. तोच इथे तपशिलाने सांगतो, कारण त्यात ज्या चुका होता होता राहिल्या त्या आपल्याकडेही होऊ शकतात. मंगळवारी सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी मुख्य कार्यालयातील लिपिकाने मुदत पूर्ण झालेल्या ठेवींची यादी एजंटांच्या ग्रुपवर टाकली. ११ वाजून ५२ मिनिटांनी ती काढून टाकण्यात आली. मला बोलावणे आले बुधवारी दुपारी, आणि तोपर्यंत ग्रुपवर पाच विधाने पक्की झाली होती: फाइल हॅक झाली, तिच्यात फक्त नाव आणि नंबर होते, लगेच डिलीट केल्यामुळे कोणी पाहिली नाही, एका एजंटाने ती दुसऱ्या ग्रुपवर टाकली, आणि एका सभासदाला ‘बँकेतून बोलतो’ म्हणून फोनही येऊन गेला. या पाचही विधानांपैकी एकही जसेच्या तसे खरे निघाले नाही.

‘हॅक’ हा शब्द सर्वांत आधी बाजूला ठेवावा लागला. कोणी बाहेरून संगणकात शिरले नव्हते; फाइल आपल्याच माणसाच्या हातून गेली होती. हा भेद निवेदनात स्पष्ट यावा लागतो, कारण हॅक झाले म्हटले की सभासदाला वाटते आपली ठेव गेली, आणि दुसऱ्या दिवशी शाखेसमोर रांग लागते. खान्देशात ठेवी बुडाल्याचे अनुभव लोकांच्या घराघरांत आहेत, त्यामुळे ही भीती कोणी पोकळ समजू नये.

दुसऱ्या विधानावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. लिपिक अगदी प्रामाणिकपणे सांगत होता की त्याने नाव, मोबाइल, खाते क्रमांक आणि मुदतीची तारीख एवढेच पाठवले. त्याच्या पडद्यावर तेवढेच दिसत होते. पण फाइल उघडल्यावर वरच्या पट्टीत स्तंभांची अक्षरे A, B, C, D आणि त्यानंतर एकदम H अशी होती. मधले तीन स्तंभ पुसलेले नव्हते, केवळ लपवलेले होते. सगळे स्तंभ निवडून `Unhide` केल्यावर त्यातून आधार क्रमांक, पॅन आणि वारस म्हणून नोंदवलेल्या व्यक्तीचे नाव बाहेर आले. डाव्या बाजूचे ओळींचे आकडेही सलग नव्हते, ४ नंतर ११, मग १९ असे उड्या मारत होते आणि निळ्या रंगात होते. याचा अर्थ चोपडा शाखेपुरता फिल्टर लावलेला होता. फिल्टर काढल्यावर पाचही शाखांचे २,९६८ सभासद समोर आले, आणि ग्रुपवरची चर्चा मात्र ‘चोपड्याच्या सहाशे-साडेसहाशे लोकांची यादी’ अशी चालली होती. आपल्या फाइलची पहिली तपासणी हीच करा: स्तंभांची अक्षरे सलग आहेत का, ओळींचे आकडे सलग आहेत का, आणि खाली पत्रकाच्या नावावर उजवी कळ दाबल्यावर `Unhide` हा पर्याय उघडतो का, उघडत असेल तर एखादे संपूर्ण पत्रक लपलेले आहे. तपासणी प्रतीवर करावी आणि मूळ फाइल जशी पाठवली गेली तशीच जपून ठेवावी. ती मलाही पाठवू नका. यादीची एक प्रत आणखी वाढवण्याचे काही कारण नाही.

वारसांच्या नावांवरून एक गोष्ट लक्षात आली, जी ग्रुपवर कोणाच्याच मनात आली नव्हती. ज्यांची माहिती बाहेर गेली त्यांत संस्थेचे सभासद नसलेली माणसेही होती, कोणाची सून, कोणाचा पुण्यात नोकरीला असलेला मुलगा. त्यांचा नंबर संस्थेकडे नसतो, म्हणून सभासदाला पाठवायच्या निवेदनातच त्यांना सांगण्याची विनंती करावी लागते.

‘लगेच डिलीट केली, कोणी पाहिली नाही’ हे वाक्य तर प्रत्येक अशा प्रसंगात येते. ४२ मिनिटे हा बराच वेळ आहे. ज्याच्या फोनवरून फाइल गेली त्याने मेसेज दाबून धरून `Info` उघडले असते तर कोणाला पोहोचली आणि कोणी पाहिली याची यादी मिळाली असती. तिचा स्क्रीनशॉट घ्यायला दहा सेकंद लागतात, आणि तो घेऊन मग `Delete for everyone` करायचे असते. इथे आधी डिलीट झाले आणि ती यादी गेली. म्हणून ग्रुपमधल्या ३६ एजंटांना एकेक करून फोन लावावा लागला. ‘फाइल पाहिली का?’ असे विचारले की माणूस नाही म्हणतो. मी विचारले, ‘फाइल फोनमध्ये उतरली का, उघडली का, कोणाला पुढे पाठवली का, प्रिंट काढली का?’ असे वेगवेगळे विचारल्यावर उत्तरे वेगवेगळी आली. ११ जणांच्या फोनमध्ये ती उतरली होती आणि त्यांपैकी चौघांनी उघडली होती. चौघांपैकी एका वयस्क एजंटाला मोबाइलवर बारीक अक्षर वाचता येत नाही, म्हणून त्याने ती गावातल्या झेरॉक्स दुकानदाराला पाठवून कागदावर काढून घेतली होती. ‘दुसऱ्या ग्रुपवर टाकली’ या अफवेचे मूळ तेच होते. अफवा खोटी होती, पण तिच्याखाली दडलेली गोष्ट अधिक काळजीची होती, कारण झेरॉक्स दुकानाच्या संगणकावर दिवसभर कोण कोण बसते याचा हिशेब नसतो. संस्थेचा अधिकारी बुधवारी संध्याकाळी स्वतः गेला, ती प्रत त्याच्यासमोर पुसली गेली, छापलेले सारे कागद परत घेतले आणि दुकानदाराकडून लिहून घेतले.

राहिला तो ‘बँकेतून बोलतो’ असा फोन. त्या सभासदाच्या मोबाइलमधील नोंद पाहिली तर फोन सोमवारी आला होता, म्हणजे फाइल जाण्याच्या आदल्या दिवशी. म्हणून निवेदनात त्याचा उल्लेख केला नाही. मात्र असे फोन येऊ शकतात हा इशारा द्यावाच लागणार होता.

आता लिखाणाकडे वळतो. संचालक मंडळाने तयार केलेला मसुदा असा होता: ‘काही तांत्रिक कारणास्तव काही सभासदांची मर्यादित माहिती अनवधानाने प्रसारित झाल्याचे निदर्शनास आले आहे. तथापि सभासदांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. संस्था सभासदांच्या माहितीच्या सुरक्षिततेस सर्वोच्च प्राधान्य देते.’ यात कारण तांत्रिक नव्हते. ‘काही’ म्हणजे सगळेच होते. ‘मर्यादित’ माहितीत आधार आणि पॅन होते. घाबरायचे की नाही हे सभासद ठरवेल. त्याला ठरवता यावे म्हणून नेमके काय गेले ते सांगणे संस्थेचे काम आहे. शेवटचे वाक्य कोणत्याही संस्थेच्या कोणत्याही पत्रकात चालले असते, म्हणून ते काढले.

चोपड्याजवळच्या एका खेड्यातले केळीउत्पादक सभासद बुधवारी सकाळी काउंटरवर आले होते आणि त्यांनी अहिराणीत एकच प्रश्न विचारला होता: ‘मना नंबर बी शे का त्यामा?’ मी मंडळाला सुचवले की निवेदन या माणसाला उत्तर देण्यासाठी लिहू. मग ते असे झाले:

‘सभासद बंधू-भगिनींनो, मंगळवारी सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी आमच्या मुख्य कार्यालयातील कर्मचाऱ्याने आपली माहिती असलेली फाइल चुकून पिग्मी एजंटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवली. ती ४२ मिनिटे तेथे होती. ही चूक संस्थेची आहे आणि त्याबद्दल आम्ही आपली माफी मागतो.

पाचही शाखांच्या सर्व २,९६८ ठेवीदार सभासदांची माहिती या फाइलमध्ये होती. म्हणजे हे निवेदन आपल्याला मिळाले असेल तर आपलीही होती. त्यात आपले नाव, मोबाइल क्रमांक, आमच्याकडील खाते क्रमांक, ठेवीच्या मुदतीची तारीख, आधार क्रमांक, पॅन आणि आपण नोंदवलेल्या वारसाचे नाव होते. शिल्लक रक्कम, सही, फोटो, बोटांचे ठसे किंवा कोणताही पिन त्यात नव्हता. आपल्या ठेवीची नोंद बदललेली नाही. मंगळवारचा हिशेब सर्व शाखांत जुळवून पाहिला आहे.

३६ एजंटांपैकी ११ जणांच्या फोनमध्ये फाइल उतरली व चौघांनी ती उघडली. एकाने ती छापण्यासाठी झेरॉक्स दुकानात पाठवली होती. तेथील प्रत पुसून घेतली आहे व कागद परत घेतले आहेत. फाइल आणखी कोणाकडे गेली का, हे अजून सांगता येत नाही. एजंटांचे लेखी जबाब घेत आहोत आणि पुढील बुधवारपर्यंत, नवे काही समजले नाही तरीही, आपल्याला पुन्हा कळवू.

आता आपण काय करावे: कोणी फोनवर आपला खाते क्रमांक, आधार क्रमांक किंवा वारसाचे नाव बरोबर सांगितले तरी तो आमचा माणूस आहे असे समजू नका. आम्ही फोनवर ओटीपी मागत नाही आणि या प्रकरणात कोणतीही लिंक पाठवणार नाही. असा फोन आल्यास बंद करा आणि पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर आम्हाला विचारा. पैसे गेल्याचे लक्षात आल्यास त्याच क्षणी १९३० वर फोन करा. ज्यांचे नाव वारस म्हणून नोंदवले आहे त्यांनाही हे सांगा. पासबुक किंवा खाते बदलण्याची गरज नाही.’

यातील ‘आता आपण काय करावे’ हा भाग कसा ठरला ते सांगतो, कारण बहुतेक निवेदने तिथेच ढिली पडतात. सल्ला बाहेर गेलेल्या माहितीवरून ठरतो. पासवर्ड गेला नसताना ‘पासवर्ड बदला’ असे लिहिले तर सभासद गोंधळतो आणि खऱ्या धोक्याकडे त्याचे लक्ष जात नाही. इथे खरा धोका वारसाच्या नावात होता. सुनेचे नाव, खाते क्रमांक आणि मुदतीची तारीख अचूक सांगणाऱ्या माणसावर कोणीही विश्वास ठेवील, आणि मग ‘ठेव नूतनीकरणासाठी ओटीपी सांगा’ ही पुढची पायरी सोपी होते. म्हणून तो इशारा सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट लिहिला.

आधारच्या बाबतीत मंडळातील एका तरुण संचालकाने सुचवले होते की सर्वांना बायोमेट्रिक लॉक करायला सांगावे. सूचना चांगल्या हेतूची होती आणि ती सोय `myaadhaar.uidai.gov.in` वर खरोखरच आहे. पण लॉक केल्यावर अंगठा कुठेच चालत नाही: गावातल्या सेवा केंद्रावर अंगठा लावून पेन्शन काढणे आणि रेशन दुकानात धान्य घेणे, दोन्ही अडते. पुन्हा उघडायला आधारशी जोडलेला मोबाइल हाताशी लागतो. फाइलमध्ये बोटांचे ठसे नव्हते आणि केवळ क्रमांकावरून अंगठ्याने पैसे निघत नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतील वृद्ध सभासदांना असा सरसकट सल्ला देणे म्हणजे त्यांचे महिन्याचे पैसे अडकवणे झाले असते. म्हणून निवेदनात तो घेतला नाही. शाखेतील कर्मचाऱ्यांना मात्र सांगून ठेवले की ज्याला अंगठ्याचा व्यवहार करावाच लागत नाही आणि ज्याने स्वतःहून विचारले, त्याला ही सोय समजावून द्यावी. पॅनसाठीही तेच: कोणी आपल्या नावावर कर्ज काढले का, हे प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा मोफत मिळणाऱ्या अहवालात पाहता येते, पण तो कसा पाहायचा हे काउंटरवर दाखवणे निवेदनात लिहिण्यापेक्षा उपयोगी पडले.

कर्मचाऱ्याचे नाव निवेदनात घालू नये. ग्रुपवर ते पन्नास वेळा आलेले असेल, आणि काही संचालक ते घालण्याचा आग्रहही धरतील. सभासदाला स्वतःचे रक्षण करण्यासाठी त्या नावाचा काही उपयोग नाही. शिवाय लपवलेल्या स्तंभांसह सगळ्या शाखांची फाइल एका लिपिकाच्या हाती कशी आली, हा प्रश्न मंडळाचा आहे.

कायद्याबद्दल थोडक्यात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून माहिती फुटल्याचे कळवण्याची त्यातील सक्ती १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू होते. त्या नियमांत बाधित व्यक्तीला विनाविलंब आणि सोप्या भाषेत पाच गोष्टी सांगायच्या आहेत: काय, किती आणि केव्हा घडले, तिच्यावर काय परिणाम होऊ शकतो, संस्थेने काय केले व काय करते आहे, तिने काय काळजी घ्यावी, आणि कोणाशी बोलावे. वरचे निवेदन या पाचांत बसते, आणि सक्ती लागू होण्याची वाट न पाहता आजच असेच लिहावे असे माझे मत आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे माहिती फुटल्याची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवायची असते. पत्ता `incident@cert-in.org.in` असा आहे. हा वेळ सर्व तपास पूर्ण होण्यासाठी थांबत नाही, तेव्हा जेवढे हाती आहे तेवढे कळवून उरलेले नंतर पाठवावे. आपण अजून कळवले नसेल तर हे उत्तर वाचून झाल्यावर पहिले काम ते करा आणि संस्थेच्या वकिलांनाही सोबत घ्या.

निवेदन पोहोचवण्यात आमची एक अडचण झाली. मोठ्या संख्येने एसएमएस पाठवायचे तर मजकुराचा नमुना आधी दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी नोंदणीत मंजूर करून घ्यावा लागतो, आणि संस्थेकडे फक्त हप्त्याच्या आठवणीचा नमुना मंजूर होता. नवा मंजूर होईपर्यंत छापील निवेदन शाखांच्या फलकावर लावले आणि एजंटांमार्फत घरोघर दिले. ज्या सभासदांना वाचता येत नाही त्यांना एजंटाने ते वाचून दाखवायचे आणि यादीवर खूण करायची असे ठरले. एसएमएस दोन दिवसांनी गेला, त्यात एकही लिंक नव्हती. व्हॉट्सॲपवर निवेदन पाठवू नये असे मी सुचवले, कारण त्याची नक्कल करून खाली स्वतःची लिंक जोडणे फार सोपे आहे.

फलकावर निवेदन लावावे, बाधितांची यादी मात्र लावू नये. एका शाखाधिकाऱ्याने लोकांच्या सोयीसाठी ती लावायची तयारी केली होती आणि ऐन वेळी ती थांबवली. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याकडे केवळ सभासद क्रमांकांची यादी दिली. कोणी विचारायला आले की पासबुक पाहून क्रमांक शोधायचा आणि ‘हो, तुमचीही माहिती होती, आणि ती ही’ असे निवेदनावर बोट ठेवून सांगायचे.

पुढच्या बुधवारी दुसरे निवेदन निघाले. ते चार ओळींचे होते: सर्व ३६ लेखी जबाब आले, फाइल आणखी कोणाकडे गेल्याचे आढळले नाही, सभासदांच्या याद्या यापुढे ग्रुपवर पाठवल्या जाणार नाहीत व प्रत्येक एजंटाला फक्त त्याच्या ग्राहकांची यादी, आधार आणि पॅन वगळून, कागदावर मिळेल; आणि चौकशीसाठी तोच पासबुकावरचा क्रमांक.